ट्विंकल ट्विंकल बंगालीत, त्याच चालीवर

प्रश्न: बायको बंगाली आहे, मुलगी दोन वर्षांची. इंग्रजी बडबडगीतं बंगालीत करून तिला म्हणून दाखवायची आहेत, चाल मात्र तीच हवी. अर्थ जमतो, पण ओळ चालीत बसत नाही आणि यमक ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. ट्विंकल ट्विंकलपासून सुरुवात केली आणि तिथेच अडकलो. नक्की काय मोजायचं?

उत्तर:

उच्चार मोजा, अक्षरं नव्हे. आणि मात्रा तर अजिबात नको. आपण मराठी माणसं इथेच घसरतो, मीही घसरले होते. मी कोलकात्यात सून म्हणून आले आणि नणंदेच्या अडीच वर्षांच्या मुलासाठी हेच गाणं करायला बसले. शाळेत लघु-गुरू घोकलेले, त्यामुळे 'एकटु' शब्द आला की मनात लगेच 'एक' गुरू, 'टु' लघु असा हिशेब सुरू व्हायचा. कागदावर ओळी चोख बसायच्या आणि म्हणायला गेलं की लंगडायच्या.

बंगालीत लहान मुलांच्या गाण्यांना छड़ा म्हणतात आणि त्यांचं वृत्त म्हणजे स्वरवृत्त. त्यात एका दमात उच्चारला जाणारा प्रत्येक तुकडा एकच धरतात, मग तो 'ना'सारखा मोकळा असो की 'फुल'सारखा व्यंजनाने बंद होणारा. असे चार तुकडे झाले की एक पर्व होतं आणि पर्वाच्या पहिल्या तुकड्यावर ठेका पडतो. प्रत्येक बंगाली मुलाला पाठ असलेली ओळ घ्या: 'बृष्टि पॉड़े टापुर टुपुर नॉदे एलो बान'. बृष्-टि-पॉ-ड़े, टा-पुर-टु-पुर, नॉ-दे-ए-लो आणि शेवटी एकटं 'बान'. चार, चार, चार, एक. 'टापुर'मधला 'पुर' आपल्या हिशेबाने दोन मात्रांचा, इथे तो 'टा'इतकाच. बंगालीत मात्रा मोजणारं वृत्तही आहे, पण ते मोठ्यांच्या कवितेत जास्त दिसतं. बाळाच्या तोंडी हा चाराचा ठेकाच असतो.

आता मूळ गाण्याकडे या. जेन टेलरची ही कविता 1806 सालची. चाल त्याआधीची, एका फ्रेंच गाण्याची, नंतर तिला चिकटली. 'ट्विं-कल ट्विं-कल लि-टल स्टार', तुकडे सात. ठेका पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्यावर, आणि सातवा सूर लांबवलेला. ह्या सातांचे चार आणि तीन असे भाग पाडले की बंगाली पर्व आयतं मिळतं: एक पूर्ण, एक तुकडा कमी, आणि त्या कमी पडलेल्या जागेत लांब सूर. म्हणजे ट्विंकलपुरतं तुम्हाला वृत्त बदलावंच लागत नाही. (हंप्टी डंप्टीला हे सुख नाही. त्याचा ठेका तिनातिनाचा आहे, ते नंतर घ्या.)

माझा पहिला खर्डा असा होता:

मिटिमिटि जॉलछे जे
ऑबाक लागे तुमि के

मोजून बघा, चार-तीन, चार-तीन. अर्थही जवळपास मूळचाच: मिणमिणतंय ते, नवल वाटतं, तू कोण? मी खूश. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "होच्छे ना, बौमा." पहिल्या ओळीत 'जे' म्हणजे कुणी तिसरा आणि दुसऱ्या ओळीत 'तुमि', मग पोरगा बोलतोय कुणाशी? शिवाय 'नवल वाटतं' हे मोठ्या माणसाचं बोलणं. आणि 'जे' न् 'के' हे यमक म्हणजे नुसता एकार. बंगालीतही मराठीसारखंच क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ओळीच्या टोकाला एकारान्त, ओकारान्त शब्दांची गर्दी असते. असं यमक फुकट मिळतं आणि फुकटचंच वाटतं. मराठीत 'येतो-जातो' जुळवल्यासारखं.

मग त्यांनी विचारलं, मूल चांदणीला काय म्हणेल? बंगाली मूल चांदोमामाला 'आय आय' म्हणून हाका मारतं, कपाळावर टिकली लावून जा म्हणतं, आणि तेही 'तुइ' करून, म्हणजे आपल्या अरेतुरेत. हे 'तुइ' माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण सासरी मला सगळे 'तुमि' म्हणतात. इथे ते दोन कारणांनी सोन्यासारखं निघालं. एक तर लाडाचं बोलणं तेच. दुसरं, 'तुमि'चे तुकडे दोन होतात आणि 'तुइ'चा एक, त्यामुळे सातव्या लांब सुरावर तो नेमका बसतो. 'तुइ'ला यमक शोधायचं तर 'छुँइ' लगेच सुचतं, म्हणजे 'शिवू, हात लावू'. मी लिहिलं, 'तोके आमि की कोरे छुँइ', तुला मी कसा हात लावू. दुसऱ्या भागात की-को-रे-छुँइ असे चार तुकडे झाले. एक जास्त, आणि नेमका लांब सुराच्या जागी, त्यामुळे तो खाताच येईना. शेवटी हे ठरलं:

मिटिमिटि तारा तुइ
आय ना काछे, एकटु छुँइ

मिणमिणणारा तारा तू, ये ना जवळ, जरासा शिवते. 'हाउ आय वंडर' गेलं, हे कबूल. पण मूळ ओळीत मूल हात न पोचणाऱ्या वस्तूकडे बघतंय, ते बघणं राहिलं. दोन वर्षांच्या मुलाचं कुतूहल हातातच असतं.

पुढच्या दोन ओळींत 'डायमंड' आहे. हिरा काय, हे त्या वयात कुणाला ठाऊक? पण आजीच्या कानातलं मुलं ओढतातच. बंगालीत कानातल्या डुलाला 'दुल' म्हणतात, आणि 'दुल'ला 'फुल' जुळतं, बंगालीत ते ऱ्हस्वच लिहितात. म्हणून:

दूर आकाशे आलोर फुल
रातेर काने हिरेर दुल

दूर आकाशात उजेडाचं फूल, रात्रीच्या कानात हिऱ्याचा डूल. मोजणी बिनचूक. तरी म्हणताना पहिली ओळ दर वेळी अडखळायची आणि दोन दिवस कळेना का ते. छड़ा म्हणून नुसती बोलली तर ती सुरळीत जाते, गायली की अडते. कारण चालीत तिसऱ्या तुकड्यावर सूर एकदम वर उडी मारतो. बंगालीत जोर शब्दाच्या सुरुवातीला असतो, आणि माझा 'आकाशे' दुसऱ्या तुकड्यापासून सुरू होत होता. म्हणजे 'आ' खाली राहायचा, 'का' वर जायचा आणि शब्दाचे दोन तुकडे व्हायचे. इंग्रजी ओळीत दुसरा 'ट्विंकल' बरोब्बर त्या उडीवर सुरू होतो. मग 'आकाश' ओळीच्या तोंडाशी आणला:

आकाश-गाछे आलोर फुल

आकाशाच्या झाडावर उजेडाचं फूल. आ-काश, गा-छे, आ-लोर, फुल. आता शब्द ठेक्यावरच सुरू होतात. 'दूर' गेलं, पण झाड आल्यावर मान आपोआप वर जाते, त्यामुळे 'अप अबव्ह' सुटलं असं मला वाटत नाही. तेव्हा नुसती बेरीज जुळली म्हणून थांबू नका. हाताने टाळी देत पहिला, तिसरा, पाचवा, सातवा तुकडा म्हणा आणि टाळी कुठल्या शब्दाच्या पोटात पडते का ते ऐका. पोटात पडली की ओळ बदला.

टोकाच्या शब्दाबद्दल आणखी एक. सातवा सूर लांब आहे, म्हणून तिथे लांबवता येणारा शब्द हवा. 'फुल', 'दुल', 'तुइ' ओढता येतात. 'ठिक', 'टुप' असे शब्द तिथे आले की आवाज चटकन मिटतो आणि मूल पुढच्या ओळीवर उडी मारतं. आणि यमक कानाने तपासा, लिपीने नव्हे. बंगालीत श, ष, स सहसा 'श'च ऐकू येतात आणि 'दूर' आणि 'सुर'मधला ऊ-उ हा फरक फक्त लिहिण्यात उरतो. लिहिलेलं बघून तुम्ही चांगली यमकं टाकून द्याल.

हिशेब इतकाही कडक नाही. छड़ा एखादा जास्तीचा तुकडा पर्वाच्या सुरुवातीला-मध्ये गिळते. सासूबाई मला चिडवायला मुद्दाम जी अंगाई म्हणतात तीच बघा: 'खोका घुमालो, पाड़ा जुड़ालो, बोर्गी एलो देशे'. बाळ झोपलं, आळी निवली, देशात बोर्गी आले. बोर्गी म्हणजे बारगीर, 1742 पासून बंगालवर चालून येणारे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार, म्हणजे आपलीच मंडळी. त्यात खो-का-घु-मा-लो पाच, पा-ड़ा-जु-ड़ा-लो पाच, आणि बोर्-गी-ए-लो चार. पाच तुकडे चाराच्या जागेत घाईने म्हणतात, कुणाला खटकत नाही. पण ही सवलत एका कडव्यात एकदा-दोनदा घ्या, आणि ओळीच्या शेवटी कधीच नको.

झालं की मुलीवर तपासा. ओळ म्हणताना शेवटचा शब्द गाळा आणि थांबा. 'आकाश-गाछे आलोर...' म्हटल्यावर चार-पाच दिवसांत ती 'फुल' भरू लागली तर यमक लागलं. आमच्याकडे 'दुल'च्या जागी भाचा शब्द न बोलता आजीच्या कानाला हात लावायचा, मी ते पास धरलं. 'तारा' मात्र त्याला अजून म्हणता येत नाही, 'र'चा 'ल' होतो. बंगालीत 'ताला' म्हणजे कुलूप. त्यामुळे आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी एका मिणमिणत्या कुलपाला 'जवळ ये' म्हणून हाका चालू असतात.