कोटेशन, प्रोफॉर्मा आणि ऑर्डर कन्फर्मेशन: कोणता कागद कोणाला बांधतो

प्रश्न: ट्रेडिंग नवीनच सुरू केलंय. परदेशी बायरला कोटेशन पाठवलं, त्याने पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, पाठवली आणि आता म्हणतोय "पीआय पाठवा". वर त्याची परचेसवाली बाई ऑर्डर कन्फर्मेशन पण मागतेय. तिन्हीत माल, दर, नग तेच लिहायचं ना? मग एकच कागद तीन नावांनी पाठवला तर काय बिघडतं?

उत्तर:

मजकूर बराचसा तोच असतो हे खरं, म्हणूनच घोळ होतो. पण प्रत्येक कागदाचं काम वेगळं आहे. कोटेशन म्हणजे "मी या अटींवर द्यायला तयार आहे". ऑर्डर कन्फर्मेशन म्हणजे "तुमची ऑर्डर मी या अटींवर घेतली". आणि प्रोफॉर्मा, ज्याला पीआय म्हणतात, म्हणजे बायरला पैसे पाठवायला, एलसी, म्हणजे बँकेची पैसे देण्याची लेखी हमी, उघडायला किंवा इम्पोर्ट लायसन्स काढायला जो कागद बँकेत नाहीतर सरकारी ऑफिसात दाखवावा लागतो तो. सौदा ठरतो तो कोटेशन, पीओ आणि कन्फर्मेशन यांच्यात, प्रोफॉर्मा हा ठरलेल्या सौद्यावरून काढलेला पैशाचा कागद. काही धंद्यांत बायर प्रोफॉर्मावरच सही-शिक्का मारून परत पाठवतो आणि तोच करार धरतात, तेही चालतं, पण मग त्यात सगळ्या अटी पाहिजेत, फक्त रक्कम आणि बँक अकाउंट असून भागत नाही.

एक केस घेतो म्हणजे कुठे अडकतं ते दिसेल.

समजा तुम्ही कापडी पिशव्यांचं कोटेशन दिलं. १०,००० नग, दर १.२० डॉलर एफओबी, म्हणजे माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च तुमचा, १०,००० च्या खाली १.२६, ॲडव्हान्स ३० टक्के, डिलिव्हरी ५ आठवडे, आणि ते ५ आठवडे ॲडव्हान्स आणि छपाईच्या डिझाइनची मंजुरी यातलं जे नंतर येईल तिथून मोजायचे. कोटेशन ३० दिवस वैध. आता बायरची पीओ येते: ८,००० नग, दर १.२०, ॲडव्हान्स २० टक्के, डिलिव्हरी पीओच्या तारखेपासून ५ आठवडे. वरवर बघितलं तर "ऑर्डर आली" म्हणून आनंद होतो, पण नीट बघा, या पीओने तुमचं कोटेशन मान्य केलेलंच नाहीये. नग बदलले, कमी नगांना मोठ्या ऑर्डरचा दर लावला, पैशाची अट बदलली, तारीख बदलली. आंतरराष्ट्रीय माल विक्रीबद्दल संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा व्हिएन्ना करार आहे, जे देश त्यात आहेत तिथे नियम स्पष्ट आहे की किंमत, पेमेंट, नग, डिलिव्हरी असल्या महत्त्वाच्या गोष्टी बदलून दिलेला होकार हा होकार नसतो, ती उलट ऑफर असते. जे देश त्यात नाहीत तिथेही बहुतेक ठिकाणी विचार साधारण असाच चालतो, तरी तुमच्या आणि बायरच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते एकदा वकिलाकडून समजून घ्या.

म्हणजे आता चेंडू तुमच्याकडे आहे, आणि नवीन ट्रेडर नेमका इथेच घाई करतो. कन्फर्मेशन वगैरे बाजूला ठेवून थेट पीआय बनवतो, त्यात आपला दर टाकतो, ८,००० गुणिले १.२६ म्हणजे १०,०८० डॉलर, त्याचे ३० टक्के ३,०२४ ॲडव्हान्स, आणि समजतो की आपण दर सुधारून दिला, बायरला कळलं असणार. तो पीआय जातो बायरच्या अकाउंट्सकडे. त्यांच्या सिस्टीममध्ये परचेसने टाकलेली पीओ आहे ९,६०० डॉलरची, २० टक्के ॲडव्हान्सची. ते पीआयमधून फक्त तुमचा बँक अकाउंट उचलतात आणि १,९२० डॉलर पाठवतात. पैसे आले म्हणून तुम्ही कापड आणता, छपाई सुरू करता.

आता सांगा सौदा कुठल्या दराने झाला? बायरने पाठवलेली रक्कम तुमच्या पीआयशी जुळत नाही, त्याच्या पीओशी जुळते, म्हणजे त्याने पीआय मान्य केला असं म्हणता येत नाही. उलट ते १,९२० तुम्ही ठेवून घेतले आणि काम सुरू केलं, यावरून तुम्हीच पीओ मान्य केली असं तो म्हणू शकतो, कारण होकार कृतीतूनही दिला जातो. दरातला फरक ४८० डॉलरचा, एवढ्या ऑर्डरमध्ये तुमचं सगळं मार्जिन त्यात जाऊ शकतं. आणि तारखेचं तर अजून वाईट, समजा डिझाइन त्याने पीओनंतर १२ दिवसांनी मंजूर केलं, तर तुमच्या हिशेबाने तुम्ही वेळेवर आहात आणि त्याच्या हिशेबाने १२ दिवस लेट, आणि लेट माल घ्यायचा की नाही, दंड लावायचा की नाही हे तो ठरवणार. यात कोणी लबाडी केलेली नाही बरं का, दोघांकडे आपापला कागद आहे आणि दोघांना तो खरा वाटतोय.

हेच टाळायला ऑर्डर कन्फर्मेशन असतं. पीओ आली की ती कोटेशनच्या शेजारी ठेवा आणि ओळीने ताडून बघा: माल, नग, दर, चलन, डिलिव्हरीची अट (नुसतं एफओबी नाही, पुढे पोर्टचं नाव पाहिजे), तारीख कुठून मोजायची, पेमेंट, पॅकिंग. शिवाय पीओच्या मागे किंवा खाली बारीक अक्षरात "आमच्या अटी लागू" असं असतं, त्या अटी मागवून वाचा. फरक सापडले की कन्फर्मेशनमध्ये ते सगळ्यात वर लिहायचे, टेबलात लपवायचे नाहीत. साध्या भाषेत असं लिहा: "आपली पीओ अमुक क्रमांकाची मिळाली, आभार. आमच्या अमुक क्रमांकाच्या कोटेशनपेक्षा त्यात चार फरक आहेत. ८,००० नगांसाठी दर १.२६ आहे, १.२० हा १०,००० नगांपासून लागतो. ॲडव्हान्स ३० टक्के. डिलिव्हरीचे ५ आठवडे ॲडव्हान्स आणि डिझाइन मंजुरी यातल्या नंतरच्या तारखेपासून. ८,००० नग आम्हाला मान्य आहेत. आपला लेखी होकार किंवा सुधारित पीओ आल्यावर उत्पादन सुरू करू."

शेवटचं वाक्य विसरू नका. फरक असलेलं कन्फर्मेशन नावाला कन्फर्मेशन असलं तरी खरं तर तीही तुमची उलट ऑफरच आहे, समोरच्याचा होकार आल्याशिवाय ती पक्की होत नाही. तो गप्प बसला म्हणजे मान्य, असं धरू नका, नुसतं मौन म्हणजे होकार नाही असं व्हिएन्ना करारातही आहे. मला तर सुधारित पीओच आवडते, कारण मग त्याच्या सिस्टीममध्येही १०,०८० पडतात आणि अकाउंट्सवाला योग्य रक्कम पाठवतो. पीओ जशीच्या तशी तुमच्या कोटेशनप्रमाणे असेल तर दोन ओळींचं कन्फर्मेशन पुरे, पण ते पाठवाच, कारण बायर त्यावरूनच पुढे आपल्या गिऱ्हाइकाला तारीख देतो. तुमची ती परचेसवाली बाई मागतेय ते याचसाठी, तिला सांभाळून ठेवा, अशी माणसं पुढचे वाद वाचवतात.

होकार आला की मगच पीआय बनवा, आणि तो कन्फर्मेशनवरून बनवा, कोटेशनवरून नाही. जे कन्फर्मेशनमध्ये नाही ते पीआयमध्ये पहिल्यांदा दिसता कामा नये. वर "प्रोफॉर्मा" ठळक लिहा, नंबराची सिरीज खऱ्या इनव्हॉइसपेक्षा वेगळी ठेवा आणि अकाउंटंटला सांगा की ही विक्री म्हणून बुकात घ्यायची नाही, आलेला ॲडव्हान्स हा ॲडव्हान्स म्हणूनच पडेल. माल निघाला की कमर्शियल इनव्हॉइस पूर्ण रकमेचा निघतो आणि त्यात ॲडव्हान्स वजा दाखवतात.

पेमेंट एलसीने असेल तर पीआयमधलं मालाचं वर्णन जपून लिहा. बायर पीआय घेऊन बँकेत जातो आणि बँक बहुतेकदा त्यातलंच वर्णन एलसीत उतरवते. नंतर यूसीपी ६०० या एलसीसाठीच्या आंतरराष्ट्रीय बँक नियमांप्रमाणे तुमच्या कमर्शियल इनव्हॉइसमधलं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळावं लागतं. म्हणजे पीआयमध्ये हौसेने कापडाचं वजन, धाग्याचा प्रकार, हँडलची लांबी सगळं घातलंत तर ते सगळं इनव्हॉइसमध्ये तसंच यायला हवं, एक गोष्ट सुटली तरी बँक डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढून पैसे अडवू शकते. म्हणून पीआयमध्ये वर्णन छोटं आणि खरं ठेवा, बारकावे कन्फर्मेशनमध्ये. नगांचंही तेच, ८,००० नग लिहिले आणि ७,९५० निघाले तर यूसीपीतली ५ टक्के वर-खाली सूट तुम्हाला मिळत नाही, ती नगांवर मोजलेल्या मालाला लागू नाही. कमी-जास्त होण्याची शक्यता असेल तर "सुमारे" हा शब्द किंवा स्पष्ट टक्केवारी आधी बायरशी ठरवून पीआयमध्ये आणि एलसीत आणा. आणि बँकेत कागद देताना चुकूनही प्रोफॉर्मा शीर्षकाचा इनव्हॉइस लावू नका, एलसीने इनव्हॉइस मागितलाय तिथे तो चालत नाही.

कोटेशनबद्दल एवढंच सांगतो की वैधतेची तारीख गंभीरपणे घ्या. "३० दिवस वैध" लिहिलंत तर काही ठिकाणी त्या ३० दिवसांत तुम्हाला ते मागे घेता येत नाही, मग मधे कापड महागलं तरी. भाव हलता असेल तर कमी दिवस द्या, किंवा "ऑर्डर आमच्या लेखी कन्फर्मेशननंतरच पक्की" असं कोटेशनवर छापूनच टाका. ही ओळ तुमच्या बाजूने खूप काम करते.

बँक अकाउंटचं एक राहिलं. बायर आणि तुमच्यामधल्या ईमेलमध्ये कोणी घुसून हुबेहूब पीआय पाठवतो, फक्त अकाउंट नंबर बदललेला, आणि ॲडव्हान्स भलतीकडे जातो, ही फसवणूक जगभर चालते. म्हणून कन्फर्मेशनमध्येच लिहा की आमचा बँक तपशील ईमेलने कधीही बदलणार नाही, बदलला असं दिसलं तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. पीआय पाठवलात की स्वतः फोन करून अकाउंटचे शेवटचे चार आकडे ताडून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आत्ता तुमच्या केसमध्ये काय करायचं: पीआय आज पाठवू नका. पीओ आणि कोटेशन शेजारी ठेवा, फरक काढा, कन्फर्मेशन पाठवा, होकार घ्या, मग त्याच दिवशी पीआय. नंतर बायरने नग किंवा तारीख बदलली तर फोनवर "ठीक आहे" म्हणून सोडू नका, कन्फर्मेशनची सुधारित प्रत नवीन तारखेने काढा, त्यावर "आधीची प्रत रद्द" लिहा, आणि पीआयही त्याप्रमाणे बदला. फरक किती सापडले ते इथे टाका, शब्द कसे लिहायचे ते बघू.