निरोपाच्या वाक्यात प्रश्न नको

पोरी,

त्या बाईंना बोलायचं नाही हे कळत असूनही वीस मिनिटं निघता आलं नाही, असं लिहिलंस. शेवटी काय म्हणालीस तेही लिहिलंस, हे बरं केलंस: "तुम्हाला उशीर नाही ना होत?" घोळ तिथेच झाला. यावर सभ्य माणूस "नाही, नाही" याखेरीज काय म्हणणार? आणि तसं म्हटल्यावर तुलाही थांबणं आलं. निरोपाच्या वाक्यात प्रश्न नको.

आधी समोरची व्यक्ती खरंच मिटलेली आहे का, ते बघ. नुसत्या हाताच्या घडीवरून ठरवू नकोस. थंडी वाजत असेल, स्वभाव लाजरा असेल, नीट ऐकू येत नसेल. पण पाय दाराकडे वळलेले, नजर तुझ्या खांद्यामागे आणि उलट प्रश्न एकही नाही, असं सगळं एकदम दिसलं, तर त्यांच्या कामाविषयी एक मोकळा प्रश्न विचार आणि गप्प राहा. मनात तीनपर्यंत मोज. खुलल्या तर थांब. "चाललंय" एवढंच आलं, तर निघ. आणखी एक विचारून बघते, असं नको. त्याची उलटतपासणी होते.

संभाषण आपोआप संपत नाही, दोघांना मिळून ते मिटवावं लागतं, हे हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बारकाईने दाखवलं. एकजण "बरं" म्हणून आपली बोलायची पाळी रिकामी सोडतो, दुसराही नवा विषय न काढता तसंच काही म्हणतो, मग निरोप. म्हणून त्यांचं उत्तर पुरं होऊ दे. "बरं" म्हण, अर्धं पाऊल मागे घे, क्षणभर थांब. त्याही "हं" म्हणाल्या की बोल: "जुन्या नोंदी जपण्याबद्दल सांगितलंत, ते लक्षात ठेवीन. आता जरा मैत्रिणीला गाठते. येते." शेवटच्या शब्दाला खांदा वळलेला हवा. आणि मैत्रिणीकडेच जा! नाहीतर दोन मिनिटांनी एकटी उभी दिसशील.

"तुमचा फार वेळ घेतला, सॉरी" हेही नको. प्रश्नचिन्ह नसलं तरी तो प्रश्नच आहे. त्यांना तुझी समजूत काढावी लागते. "कंटाळलात वाटतं" तर मुळीच नको. आणि "येते" म्हटल्यावर "अरे हो, एक राहिलंच" म्हणालीस, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हे तुटक वाटेल, असं तू म्हणशील. मला नाही वाटत. उत्तर द्यायला न लावता माणसाला मोकळं करण्यात तुटक काय आहे? मी हा हट्ट सोडणार नाही.

तुझ्या "बरं"नंतर त्यांनीच नवा विषय काढला, तर मात्र मागे घेतलेलं पाऊल पुढे घे आणि ऐक. शेजारच्या खुर्चीतून उठताच येत नसेल, तर फक्त बोलणं मिटव: "मी जरा वाचते." मग खरंच पुस्तक उघड आणि निदान दोन पानं मान वर करू नकोस.