४३ फोल्डर मांडले, पण महिना बदलला की सगळं विस्कटतं

प्रश्न: कागद ठरलेल्या तारखेला समोर यावेत म्हणून रोजचे ३१ आणि महिन्यांचे १२ असे फोल्डर केलेत. दोनतीन आठवडे छान चालतं, मग महिनाअखेरीला कुठला कागद कुठे गेला तेच कळत नाही. शिवाय कागद वेळेवर समोर येऊनही कामाला उशीर होतोच. काय चुकतंय?

उत्तर:

बहुतेक तुम्ही ३१ फोल्डर एका गठ्ठ्यात आणि १२ महिने दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवलेत. महिनाअखेरीला गोंधळ होतो तो तिथेच. सगळे फोल्डर एकाच रांगेत हवेत आणि ती रांग रोज एका फोल्डरने पुढे सरकायला हवी.

समजा आज २० मे आहे. सकाळी २० चा फोल्डर पूर्ण रिकामा करायचा. आता रांगेत सगळ्यात पुढे २१ ते ३१, म्हणजे उरलेला मे. त्यांच्यामागे ‘जून’चा फोल्डर. त्याच्यामागे १ ते १९, आणि हे जूनचे दिवस झाले. आज रिकामा केलेला २० त्यांच्याच मागे लावायचा, तो आता २० जून. शेवटी जुलैपासून मेपर्यंतचे महिने. म्हणजे आज हातात आलेला कागद १२ जूनचा असेल तर तो सरळ १२ मध्ये जातो, २७ जूनचा असेल तर ‘जून’मध्ये. ३१ मेला शेवटचा दिवस रिकामा झाला की ‘जून’ आपोआप पुढे येतो. त्यातले कागद त्याच दिवशी तारखेप्रमाणे वाटून टाकायचे आणि रिकामा ‘जून’ सगळ्यात मागे ठेवायचा, पुढच्या वर्षासाठी. हे वाटप दोन दिवस पुढे ढकललं तर १ आणि २ तारखेचे कागद हुकलेच म्हणून समजा.

एक नियम मी कधीच मोडू देत नाही: फोल्डर रिकामा झाल्याशिवाय मागे न्यायचा नाही. आत एक जरी कागद राहिला तर तो थेट महिनाभराने दिसतो, आणि फोल्डर तारखेच्या क्रमात नीट लागलेला असल्यामुळे तोवर कुणाला शंकाही येत नाही. मागे लावण्याआधी तो उघडून उलटा धरायचा, एवढं पुरतं. सुट्टीवर जाताना त्या दिवसांचे फोल्डर आदल्या दिवशीच बघून घ्यायचे.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. कागदावर छापलेल्या तारखेच्या फोल्डरमध्ये कागद टाकलात की उशीर ठरलेलाच. तो ज्या दिवशी कामाला हात घालायचा त्या दिवशी समोर यायला हवा. उदाहरण घ्या. एका यंत्राच्या देखभालीचा करार १४ ऑक्टोबरला संपतो. तो बंद करायचा असेल तर ३० दिवस आधी लेखी कळवायचं, नाहीतर तो आपोआप वर्षभर वाढतो. म्हणजे खरी मुदत १४ सप्टेंबर. पण ठरवण्याआधी दुसरीकडून दर मागवायचे आहेत, त्याला दोन आठवडे लागतात, आणि पत्रावर सही मिळायला काही दिवस. म्हणून चिठ्ठीवर मी वरच्या कोपऱ्यात लिहीन: २४ ऑगस्ट, दर मागवणे. खाली: ७ सप्टेंबर, निर्णय आणि पत्र. १० सप्टेंबर, पोच आली का? आणि तळाशी, ठळक: शेवटची मुदत १४ सप्टेंबर.

आज ही चिठ्ठी ‘ऑगस्ट’मध्ये पडेल. ३१ जुलैला वाटपात ती २४ मध्ये जाईल. २४ ऑगस्टला दर मागवले की ती तारीख खोडून चिठ्ठी ७ मध्ये टाकायची, कारण त्या दिवशी रांगेतला ७ हा सप्टेंबरचा असतो. पत्र गेलं की १० मध्ये. हा तिसरा टप्पा लोक हमखास गाळतात. पत्र पाठवलं की काम झालं असं वाटतं, पण पोच आली नसेल तर पुन्हा पाठवायला हातात चार दिवस आहेत. एखादी तारीख सुट्टीच्या दिवशी येत असेल तर चिठ्ठी आधीच्या कामाच्या दिवशी टाका, नंतरच्या नाही.

मूळ करार मात्र फोल्डरमध्ये घालू नका. तो त्याच्या नेहमीच्या फाईलमध्येच राहू दे आणि चिठ्ठीवर फाईलचं नाव लिहा. नाहीतर मधल्या तीन महिन्यांत कुणाला करार लागला तर तो ‘ऑगस्ट’मध्ये शोधायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही. ठरलेल्या वेळेच्या भेटी आणि बैठकाही इथे नकोत, त्यांना कॅलेंडरच बरं. ते दिवसभर डोळ्यांसमोर राहतं, फोल्डर सकाळी एकदाच उघडतो.

आणि एखादी चिठ्ठी तिसऱ्यांदा पुढे ढकलावी लागली तर नवी तारीख घालण्याआधी तिच्यावरचं वाक्य वाचा. बहुतेक वेळा तिथे ‘विमा’ किंवा ‘करार’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी ‘दोघांना फोन करून दर विचारणे’ असं लिहून ती उद्याच्या फोल्डरमध्ये टाका.