सहा हजार कमावून देणारा मेंबर

प्रिय,

तुझी शीट बघितली. ऑनलाइन योगा क्लासचे महिन्याला ४९९ रुपये, जानेवारीत जाहिरातीला ४५,००० घातले आणि १०० नवे मेंबर आले, म्हणजे एक मेंबर ४५० ला पडला. दर महिन्याला ८ टक्के लोक सोडतात म्हणून एक मेंबर सरासरी साडेबारा महिने टिकणार, गुणिले ४९९, म्हणजे एकाकडून सहा हजारांच्या वर येणार. आणि यावरून तू पुढच्या महिन्यात जाहिरात दुप्पट करायला निघालायस. थांब जरा.

आधी ते ४९९ बघ. पेमेंट गेटवेवाले २ टक्के घेतात, त्या चार्जवर जीएसटी, म्हणजे बारा रुपये गेले. शिकवणाऱ्या ताईंचे मानधन आणि व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारी मुलगी, हे तूच माणशी १८७ लिहिलंयस. उरले ३००. मेंबरकडून काय मिळतं हे मोजायचं तर या ३०० वर मोजायचं, ४९९ तुझे नाहीतच.

आता ४५०. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तुझं रजिस्ट्रेशन नाही, म्हणजे ते ८,१०० परत मिळणार नाहीत, तो खर्चच. व्हिडिओ करून देणाऱ्याला ९,००० दिले ते शीटमध्ये कुठेच नाहीत. एकूण झाले ६२,१००. आणि १०० पैकी ४० जणांनी फॉर्ममध्ये ‘कुठून कळलं’ ला मैत्रीण, वहिनी, सोसायटीचा ग्रुप असं लिहिलंय, ते जाहिरातीशिवायही आले असते (सगळेच नाही, पण बरेचसे). मग जाहिरातीने आणले ६०, एक पडला १,०३५ ला. वर ऑफर म्हणून पहिला महिना ९९ चा, त्यात खर्च जाऊन माणशी ९० चा तोटा. म्हणजे ११२५. अडीच पट झाली की रे किंमत.

पण खरी गडबड त्या ८ टक्क्यांत आहे. ती सरासरी सगळ्या मेंबरांची आहे, त्यात दीड वर्षापासून टिकलेले जुने लोकही आहेत आणि ते काही हलणारे नाहीत, त्यांच्यामुळे नव्यांची गळती झाकली जाते. म्हणून मी फक्त जानेवारीचे ते ६० वेगळे काढले आणि पूर्ण पैसे किती जणांनी भरले ते महिन्यागणिक लिहिलं: ३३, २६, २२, २०, १८, १७. ऑफर संपल्या संपल्या २७ जण गेले! सहा महिन्यांची बेरीज १३६, गुणिले ३००, भागिले ६०, म्हणजे माणशी ६८० रुपये आले. उरलेले १७ आता महिन्याला साधारण ६ टक्क्यांनी कमी होतायत असं धरलं तर पुढच्या सहा महिन्यांत अजून ४१५ येतील. वर्षभरानंतर १०९५ हातात आणि घातलेत ११२५. ओळखीतून आलेल्या ४० जणांनी मात्र सहा महिन्यांतच माणशी १३८० दिलेत, आणि त्यांना आणायला ऑफरचे ९० सोडले तर काही लागलं नाही. दोघांना एकत्र मिसळलं की चित्र छान दिसतं, बस्स.

आता तू म्हणशील तिसऱ्या वर्षीपर्यंत टिकले तर? टिकतीलही. पण तुझा धंदाच दोन वर्षांचा आहे, तिसऱ्या वर्षाचा आकडा कुठून आणणार? आणि तो ‘एकाला तीन’चा नियम सगळीकडे सांगतात ना, की गिऱ्हाईक आणायला एक रुपया घातला तर त्याच्याकडून तीन यायला हवेत, तो मुळात कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या आणि गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणाऱ्या धंद्यांतून आलाय, त्यांना वर्षभर थांबायला परवडतं. तुझे पैसे घरचे आहेत, त्यामुळे मी तुझ्याकडे एकच प्रश्न विचारेन की घातलेले पैसे किती महिन्यांत परत आले. चार महिन्यांच्या वर गेलं तर जाहिरात वाढवू नकोस, दुप्पट केलीस तर पुढचा मेंबर अजून महाग पडतो कारण जे सहज येणार होते ते आधीच आलेत.

त्या २७ जणांचं एक बघ. सगळ्यांनी स्वतःहून सोडलंय असं धरू नकोस. ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज जातो, तो बघून काही जण कॅन्सल करतात, आणि काहींच्या खात्यात त्या दिवशी पैसेच नसतात म्हणून पेमेंट फेल होतं. दुसऱ्या प्रकारच्यांना क्लास हवा असतो, एक फोन केला तरी परत येतात. गेटवेच्या रिपोर्टमध्ये कॅन्सल आणि फेल वेगवेगळं दिसतं.

आणि ९९ ची ऑफर एक महिना बंद ठेवून बघ. जाहिरातीतून ६० ऐवजी ३५ च येतील कदाचित, घाबरू नकोस, दुसरं पेमेंट किती जण करतात ते मोज. फेब्रुवारी आणि मार्चची बॅच पण अशीच वेगळी काढ, फेल पेमेंटचा कॉलम टाक आणि पाठव, मग जाहिरातीचं बजेट ठरवू.