चेहरा बदलल्यावर त्वचा राखाडी किंवा केशरी का दिसते?

प्रश्न: ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटलेत, म्हणून फोटोशॉपमध्ये दुसऱ्या फ्रेममधला त्याचाच चेहरा बसवला. रंग सावळा, थोडा ऑलिव्हकडे झुकणारा. चेहरा राखाडी दिसतोय आणि कर्व्ह्जने उबदार करायला गेलं की केशरी होतो. काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक तुम्ही निळ्या चॅनलचा मधला एकच बिंदू खाली ओढताय. त्याने गालाचा राखाडीपणा जातो, पण कपाळावरची चकाकीही पिवळी-केशरी होते. चकाकी म्हणजे मुख्यतः परावर्तित झालेला प्रकाश, तिच्यात त्वचेचा रंग फारसा नसतोच.

आधी उजेड जुळवा. चेहऱ्याच्या लेयरला क्लिप केलेला एक कर्व्ह्ज लेयर घ्या, त्याचा ब्लेंड मोड Luminosity ठेवा. Normal मोडमध्ये कर्व्ह तीव्र केला की रंगही भडकतो आणि मग दोष नक्की कशाचा, तेच कळत नाही.

मग रंगासाठी दुसरा कर्व्ह्ज लेयर. नमुना मानेवरून घेऊ नका, मान चेहऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाची असू शकते. मिटलेल्या डोळ्यांचा मूळ चेहरा खालच्या लेयरवर आहेच, तोच प्रमाण. Color Sampler चा आकार 5 by 5 Average ठेवून दोन्ही चेहऱ्यांवर त्याच जागी आकडे वाचा. समजा मूळ गाल लाल 156, हिरवा 118, निळा 88 आहे आणि नवा 164, 122, 108. मूळ गालात हिरव्या-निळ्यातलं अंतर 30, नव्यात फक्त 14. राखाडीपणा इथे आहे.

आता निळ्या चॅनलवर तीन बिंदू द्या. गालासाठी 108 चा 88. हनुवटीखालच्या सावलीत नवा 44 आणि मूळ 32 असेल तर तसा दुसरा. कपाळाच्या चकाकीत 184 आणि 180 असेल तर तिसरा, आणि हाच चकाकीला केशरी होऊ देत नाही. लाल 164 चा 156, हिरवा 122 चा 118 करा. त्यांनाही चकाकीत एक बिंदू देऊन मूळ आकड्यांवर अडकवा. डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात मास्कने वगळा, नाहीतर तेही पिवळे होतील.

ऑलिव्ह त्वचेत लाल-हिरव्यातलं अंतर मुळातच कमी असतं. हिरवट दिसतंय म्हणून हिरवा कमी केला की अंतर वाढतं आणि चेहरा विटकरी होतो. मूळ चेहऱ्यात जेवढं अंतर आहे तेवढंच ठेवा, डोळ्याला हिरवट वाटलं तरी.

तपासायला सगळ्यात वर Hue/Saturation टाकून सॅच्युरेशन +50 करा. जोडावर रंग तुटत असेल तर लगेच दिसतो. पाहून झालं की तो लेयर काढून टाका. दुसऱ्या फ्रेममध्ये अर्ध्या चेहऱ्यावर खिडकीचा आणि अर्ध्यावर बल्बचा प्रकाश असेल तर एका कर्व्हने काम होणार नाही. दोन लेयर करून मास्कने वाटून घ्यावं लागेल.