रेषेबाहेरील बिंदूतून एकच लंब: अप्रत्यक्ष सिद्धता

प्रश्न: रेषेबाहेरच्या बिंदूतून रेषेवर एकच लंब काढता येतो हे विसंगती दाखवून सिद्ध करायचे आहे. मी दोन लंब मानले, त्रिकोणात दोन काटकोन आले, म्हणून कोनांची बेरीज १८०° पेक्षा जास्त झाली, असे लिहिले. शिक्षक म्हणाले की पायऱ्या सुटल्या आहेत आणि कोनांच्या बेरजेचे प्रमेय न वापरताही हे जमले पाहिजे. ते कसे?

उत्तर: आपली सिद्धता चुकीची नाही, पण तिच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी न लिहिता मानल्या गेल्या आहेत आणि शिक्षकांचा रोख बहुधा त्यांच्याकडे असावा. पहिली गोष्ट साध्याच्या नकाराची. ‘एकच लंब काढता येतो’ याचा नकार ‘दोन लंब काढता येतात’ असा नसून ‘एकही काढता येत नाही किंवा एकाहून अधिक काढता येतात’ असा आहे. यातली पहिली शक्यता विसंगतीने जात नाही. ती कंपासपट्टीने लंब प्रत्यक्ष काढून दाखवल्यावरच जाते, आणि युक्लिडने आपल्या पहिल्या ग्रंथाच्या १२व्या विधानात नेमके तेच केले आहे. ती रचना झाली असे धरले, तर ‘एकाहून अधिक’ एवढेच उरते, आणि मग त्या लंबांपैकी कोणतेही दोन निवडले तरी चालते. एकूण दोनच आहेत असे म्हणण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट लंबपादांची. l ही रेषा, P हा तिच्याबाहेरचा बिंदू, आणि P मधून जाणारे दोन भिन्न लंब l ला M आणि N मध्ये मिळतात असे आपण लिहिता; पण M आणि N हे बिंदू भिन्नच कशावरून? ते एकच असते, तर दोन्ही लंब P आणि M या त्याच दोन बिंदूंतून गेले असते, आणि दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जात असल्याने ते लंब भिन्न राहिले नसते. हे एक वाक्य लिहिल्याशिवाय PMN हा त्रिकोण आहे असे म्हणता येत नाही, आणि त्रिकोणच नसेल तर पुढची बेरीज निराधार ठरते.

आता कोनांच्या बेरजेविषयी. शालेय पुस्तकात ते प्रमेय शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून आणि व्युत्क्रम कोन समान मानून सिद्ध केलेले असते, म्हणजे त्याच्या मुळाशी समांतर रेषांचे गृहीतक असते. लंब एकच असण्याला मात्र त्या गृहीतकाची गरजच नाही. युक्लिडच्या क्रमात ‘त्रिकोणाच्या कोणत्याही दोन कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असते’ हे १७वे विधान आहे, तर तिन्ही कोनांची बेरीज थेट ३२व्या विधानात येते. आपल्याला १७वे पुरेसे होते. ‘एकाच रेषेला लंब असणाऱ्या दोन रेषा समांतर असतात’ हे विधान वापरूनही काही जण दोन ओळींत काम संपवतात, पण ती पळवाट आहे, कारण ते विधान आपल्या साध्याचेच दुसरे रूप आहे. ज्या पुस्तकात ते लंबाच्या एकमेवत्वावरून सिद्ध केले असेल, तिथे सिद्धता वर्तुळात फिरते.

माझ्या मते सर्वांत स्वच्छ सिद्धता परावर्तनाची आहे. वरीलप्रमाणे PM ⊥ l, PN ⊥ l आणि M, N भिन्न असे माना. किरण PM हा M च्या पलीकडे वाढवा आणि त्यावर Q हा बिंदू असा घ्या, की MQ = MP. रेषा l च्या ज्या बाजूला P आहे, तिच्या विरुद्ध बाजूला Q येतो, त्यामुळे P आणि Q भिन्न आहेत. ∠PMN = ९०° असल्याने रेषीय जोडीतला ∠QMN हाही ९०° आहे. त्रिकोण PMN आणि QMN यांत MP = MQ, बाजू MN सामाईक आणि त्यांतले समाविष्ट कोन समान, म्हणून बाकोबा कसोटीने हे त्रिकोण एकरूप आहेत आणि ∠QNM = ∠PNM = ९०°.

आता N पाशी थोडे थांबावे लागते. ∠PNM आणि ∠QNM यांचा किरण NM सामाईक आहे, P आणि Q हे l च्या विरुद्ध बाजूंना आहेत आणि त्या कोनांची बेरीज १८०° आहे. म्हणून NP आणि NQ हे विरुद्ध किरण आहेत, म्हणजेच P, N, Q एकरेषीय आहेत. आकृतीत मात्र हे तसे दिसत नाही, कारण N हा बिंदू M पासून दूर काढलेला असतो आणि P-N-Q ही वाट मोडकी दिसते. आकृती ‘खोटी’ दिसते म्हणून कित्येक विद्यार्थी इथे अडखळतात, पण अप्रत्यक्ष सिद्धतेतली आकृती अशीच असणार. जे असूच शकत नाही त्याची ती आकृती आहे. शेवटची पायरी अशी: रेषा PM ही Q मधून जाते आणि रेषा PN हीसुद्धा Q मधून जाते. P आणि Q या दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते, म्हणून PM आणि PN या एकच रेषा आहेत. पण त्या भिन्न आहेत असे आपण मानले होते. ही विसंगती.

यात बाकोबा, रेषीय जोडी आणि तिचा व्यत्यास, रेषेच्या दोन बाजू, आणि ‘दोन बिंदूंतून एकच रेषा’ एवढेच वापरले गेले. शेवटच्या गृहीतकावर किती भार आहे, हे पृथ्वीच्या गोलावर पाहता येते. गोलावर ‘रेषा’ म्हणजे बृहद्वृत्त, म्हणजेच गोलाच्या केंद्रातून जाणारे प्रतल गोलाच्या पृष्ठभागाला ज्यात छेदते ते वर्तुळ. विषुववृत्त ही l घ्या, उत्तर ध्रुव हा P घ्या, आणि ०° व ९०° पूर्व ही रेखावृत्ते विषुववृत्ताला जिथे मिळतात ते M आणि N. दोन्ही रेखावृत्ते विषुववृत्ताला लंब आहेत, P पाशीही काटकोन आहे, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज २७०° भरते. आता वरची सिद्धता ओळीने चालवून पाहा. Q हा दक्षिण ध्रुव येतो, त्रिकोण एकरूप ठरतात, P, N, Q एका ‘रेषेवर’ आहेत हेही खरे निघते. फक्त शेवटचे वाक्य कोसळते, कारण दोन्ही ध्रुवांतून असंख्य बृहद्वृत्ते जातात. त्यामुळे विसंगती निर्माणच होत नाही, आणि ध्रुवावरून विषुववृत्तावर असंख्य लंब काढता येतात. मुंबईसारख्या, ध्रुव नसलेल्या आणि विषुववृत्तावरही नसलेल्या ठिकाणाहून मात्र लंब बृहद्वृत्त एकच असते, जरी ते विषुववृत्ताला दोन ठिकाणी छेदत असले तरी.

कर्ण सर्वांत मोठा असतो, म्हणून PN > PM आणि PM > PN, ही विसंगतीही काही ठिकाणी वाचायला मिळते. ती लिहायची तर कर्ण मोठा का असतो हे आधी पाहा: काटकोन त्रिकोणातले उरलेले दोन्ही कोन लघुकोन असतात म्हणून, म्हणजे पुन्हा त्रिकोणात दोन काटकोन नसतात म्हणूनच. पायथागोरसवरून PN² = PM² + MN² आणि PM² = PN² + MN² घेऊन MN = ० काढले, तर तर्क वर्तुळात फिरत नाही, पण एवढ्याशा साध्यासाठी समांतर रेषांवर उभे असलेले प्रमेय वापरावे लागते.

P हा बिंदू l वरच असेल तर यातले काहीच लागू होत नाही, कारण तेव्हा PMN हा त्रिकोणच उरत नाही. त्या स्थितीत एका प्रतलात लंब एकच असतो, आणि त्याचे कारण कोनाच्या गृहीतकात आहे: किरणाच्या एका बाजूला ९०° चा कोन करणारा किरण एकच असतो. अवकाशात मात्र रेषेवरील बिंदूतून तिला असंख्य लंब काढता येतात, त्यामुळे त्या साध्यात ‘एका प्रतलात’ हे शब्द लिहावेच लागतात. रेषेबाहेरच्या बिंदूसाठी ते लिहिले नाहीत तरी चालते, कारण P आणि l मिळून प्रतल आधीच ठरलेले असते.