टेदर्ड ड्रोन : आधी तारेचे वजन, मग बाकी सारे

प्रश्न : जमिनीवरून तारेने वीज घेणारा माझा टेदर्ड ड्रोन २४ व्होल्टचा आहे, मग खालूनच २४ व्होल्ट दिले तर? इंटरनेटवर काहींनी तसे केले आहे.

दोन-तीन मीटरवर चालते, साठ मीटरवर नाही. दर आठवड्याला हाच प्रश्न येतो, म्हणून हिशेबच मांडतो. तुमचा ड्रोन एका जागी तरंगताना ६०० वॅट घेतो असे धरा. २४ व्होल्टला ते २५ अँपिअर झाले. साठ मीटर उंचीसाठी जाऊन-येऊन १२० मीटर तांबे लागते. वाटेत दहा टक्केच व्होल्टेज पडू द्यायचे, तर तार जवळपास २२ चौरस मिलिमीटर जाड हवी, आणि तिचे नुसते तांबेच २३ किलोंच्या आसपास भरते. हे उचलणार कोण? आता ४०० व्होल्ट डीसी पाठवा. करंट दीड अँपिअरवर येतो, ०.३ चौरस मिलिमीटरची तार पुरते आणि तांबे ३२० ग्रॅमवर येते. इन्सुलेशन आणि ताण सोसणारा अरामिड धागा धरून साधारण एक किलो. बदल्यात ४०० चे २४ करणारा कन्व्हर्टर ड्रोनवर न्यावा लागतो. त्याचे वजनही मोजा, त्याला हवा लागेल अशा जागी बसवा आणि सोबत उतरण्यापुरती छोटी बॅटरी ठेवाच.

विक्रेत्याने तारेचे ‘वजन’ सांगितले की ते धाग्यासकट आहे का, हे विचारा. नुसत्या तांब्याचा आकडा सांगून गिऱ्हाईक गाठणारे खूप आहेत. एक मीटर तुकडा मागवून स्वतः तोला.

प्रश्न : जमिनीवरच्या रिळावर जास्तीची तार गुंडाळून ठेवली तर चालेल?

चालेल, पण जपून. आतल्या थरांची उष्णता बाहेर पडत नाही. पूर्ण भार देऊन अर्ध्या तासाने आतल्या थराचे तापमान मोजा.

प्रश्न : खाली उभ्या माणसाला शॉक बसेल का? घरात ईएलसीबी आहे.

बसेल, आणि ४०० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकते. गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी मेन्सच्या बाजूला बसतो. आयसोलेटेड डीसी सप्लायच्या पुढे गळती झाली तर त्याला ती कळतच नाही, तिथे इन्सुलेशन मॉनिटर लागतो. शिवाय डीसीचा करंट एसीसारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे तुटलेल्या तारेच्या टोकाची ठिणगी सहज विझत नाही. साधा एसी स्विच इथे वापरू नका. परवानाधारक विद्युत अभियंत्याने जमिनीवरचे युनिट तपासेपर्यंत ते सुरू करू नका. ‘आधी उडवून बघू’ हे इथे चालत नाही.

प्रश्न : वाऱ्यात ड्रोन खाली येतो. मोटर मोठी घ्यावी का?

आधी ड्रोनच्या टोकाचे व्होल्टेज नोंदवा. झोताच्या वेळी ते कोसळत असेल, तर दोष मोटरचा नाही, तारेचा किंवा कन्व्हर्टरचा आहे. व्होल्टेज स्थिर असूनही थ्रॉटल टोकाला जात असेल, तर तार वाऱ्यात फुगून ड्रोनला ओढते आहे. उंची कमी करा. त्यानंतरच ड्रोनची रचना जाणणाऱ्याला नोंदी दाखवून मोटरचा विचार करा.

प्रश्न : दोरी बांधली आहे, मग परवानगी कशाला?

दोरी म्हणजे सूट नव्हे. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा पाहा आणि स्थानिक पोलिसांशी बोला.